अनोळखी कुत्रा अंगावर आला तर: कोकणात चालणाऱ्यांचे आणि सायकल चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याने चालणारे, सायकल चालवणारे लोक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. त्यातले सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. घाईत असाल तर २, ४ आणि १३ क्रमांकाची उत्तरं आधी वाचा.

१. मी कुत्र्याला काहीच केलेलं नसतं, तरी तो मागे का लागतो?

बहुतेक वेळा दोन कारणं एकत्र येतात. पहिलं कारण हद्द. भटका कुत्रा जिथे खातो आणि झोपतो, तो तुकडा त्याचा असतो. किनाऱ्यावर हे तुकडे ठरलेले आहेत: बंदराची जेटी, मासळी सुकत घालण्याची जागा, एसटी थांब्याजवळची टपरी, हॉटेलांची मागची बाजू, गावाबाहेर कचरा पडतो ती जागा. अनोळखी माणूस तिथे आला की कुत्रा त्याला बाहेर घालवू पाहतो. दुसरं कारण हालचाल. झपाट्याने दूर जाणाऱ्या वस्तूमागे धावणं कुत्र्याच्या रक्तातच आहे, आणि सायकलचं फिरतं चाक किंवा हलणारी पोटरी त्याला नेमकी तेवढीच दिसते.

एकच कुत्रा रोज मागे लागतो, त्याचंही कारण यातच सापडतं. तो धावतो, तुम्ही पळता, तुम्ही दिसेनासे होता. त्याच्या दृष्टीने त्याने तुम्हाला हाकललं, म्हणून दुसऱ्या दिवशी तो आणखी आत्मविश्वासाने येतो. पाठलाग कुठे थांबतो ते एकदा नीट पाहून ठेवा. पुष्कळदा तो एखाद्या मोरीशी, गडग्याच्या टोकाशी किंवा ठरावीक घरापाशी थांबतो. त्याची हद्द तिथे संपते. तुम्हाला तेवढाच पट्टा शांतपणे पार करायचा असतो.

२. मी चालतोय आणि कुत्रा भुंकत समोरून येतोय. पहिल्या काही सेकंदांत नेमकं काय करायचं?

थांबा. पळायचं नाही, आणि पाठ पूर्ण वळवायची नाही. अंग थोडं तिरकं करून उभे राहा म्हणजे तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत राहील. हात अंगालगत किंवा छातीशी दुमडलेले ठेवा, बोटं आत. नजर त्याच्या पायांवर किंवा जवळच्या जमिनीवर ठेवा; डोळ्याला डोळा भिडवणं हे त्याला आव्हान वाटतं. किंचाळू नका. बोलायचंच असेल तर खालच्या, ठाम आवाजात एकदाच ‘हाड’ म्हणा आणि गप्प राहा.

हलणं थांबलं की पाठलागाचं निम्मं कारण संपतं. कुत्रा काही अंतरावर थांबून भुंकत राहतो, कधी जवळ येऊन हुंगतो. हुंगू द्या. हात वर उचलू नका, कारण हाताबरोबर त्याचं तोंडही वर येतं. त्याचा जोर ओसरला, त्याने मान वळवली किंवा तो बाजूला सरकला की तिरक्या चालीने, पाय घासत, सावकाश मागे सरा. पाच-सहा पावलांत तो पुन्हा पुढे आला तर पुन्हा थांबा. असं दोन-तीनदा करावं लागतं. घाई केली की पहिल्यापासून सुरुवात.

३. नुसता भुंकणारा कोणता आणि चावणारा कोणता, हे कसं ओळखायचं?

जागेवर उभं राहून, एक पाऊल पुढे, दोन पावलं मागे करत भुंकणारा कुत्रा बहुधा घाबरलेला असतो. त्याला अंतर हवं असतं. त्याला जागा द्या, पण पाठ देऊ नका. असे कुत्रे पाठ फिरल्यावर पोटरी पकडतात. शेपटीबरोबर सगळं ढुंगण हलवत, अंग सैल सोडून येणारा कुत्रा ओळख काढायला येतो.

जपायचं ते ताठ कुत्र्यापासून. शेपटी वर आणि कडक, मानेवरचे केस उभे, तोंड मिटलेलं, नजर तुमच्यावर खिळलेली, आणि आवाज नाही. मागून गुपचूप धावत येणारा याच जातीचा. म्हणून किनाऱ्यावर पहाटे फिरताना निदान एक कान मोकळा ठेवा. दोन्ही कानांत गाणी चालू असतील तर तो पोहोचेपर्यंत कळत नाही. नुसती शेपटी हलते म्हणून कुत्रा मित्र समजू नका. वर धरलेली शेपटी ताठ, थरथरल्यासारखी हलत असेल तर ते तणावाचं लक्षण आहे.

४. सायकलवर असताना जोरात पेडल मारून निसटावं की थांबावं?

याबद्दल सगळ्यांत जास्त वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे: कुत्रा अजून लांब असेल आणि पुढचा रस्ता सपाट, मोकळा, कोरडा असेल तरच एका लयीत पुढे जा. बाकी सगळ्या वेळी वेग कमी करा आणि थांबा.

आधी वेगाचा हिशेब पाहा. गावठी कुत्रा थोड्या अंतरासाठी ताशी तीस किलोमीटरच्या पुढे सहज धावतो. आपण सपाटीवर पंधरा-वीसने जातो आणि कोकणातल्या चढावर सात-आठने. म्हणजे चढावर शर्यत सुरू होण्याआधीच हरलेली असते. उतारावर वेग मिळतो, पण तिथे धोका कुत्र्याच्या दातांचा उरत नाही, तर पडण्याचा होतो. कडेची जांभ्याची सुटी खडी, पावसाळ्यातलं शेवाळ, वळणावरची उघडी चर आणि मागे वळून पाहणारा सायकलस्वार, एवढं पुरतं. कुत्रा पुढच्या चाकात आला तरी तेच. चावा बहुधा पोटरीला बसतो आणि लस वेळेवर घेतली तर निभावतो. वेगात पडल्यावर मनगट, हासळीचं हाड किंवा डोकं जातं.

थांबायची रीत अशी. पेडल मारणं बंद करा, म्हणजे पाय हलायचे थांबतात. दोन्ही हात ब्रेकवर ठेवून, मागचा ब्रेक आधी लावत, सरळ रेषेत वेग कमी करा. कुत्रा ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूला उतरा, म्हणजे सायकल आपोआप तुमच्या आणि त्याच्या मध्ये येते. एक हात हँडलवर, एक सीटवर. तो फिरला की सायकलही फिरवा, चाक त्याच्याकडे. मग सायकल ढकलत चालायला लागा. चालणारा माणूस कुत्र्याच्या रोजच्या ओळखीचा असतो, आणि पुष्कळ कुत्रे तुम्ही उतरताक्षणी गोंधळून भुंकायचे थांबतात. हद्द संपल्यावर आणखी थोडं चालूनच पुन्हा स्वार व्हा. त्याच्या डोळ्यांसमोर चढून पेडल मारलं तर पाठलाग नव्याने सुरू होतो.

लाथ मारू नका. तोल जातो, आणि पाय नेमका त्याच्या तोंडाशी जातो.

५. दापोलीहून हर्णैला उतरताना वळणावर तीन कुत्री रस्त्यात बसलेली असतात. मागे गाड्या असतात, थांबायला भीती वाटते. अशा वेळी काय?

हा प्रसंग वेगवेगळ्या रस्त्यांच्या नावांनी येतो, म्हणून टप्प्याटप्प्याने सांगते.

कुत्री दिसली तेव्हा अंतर साधारण पन्नास-साठ मीटर आहे असं धरू. ती बसलेली आहेत. निर्णय इथेच घ्यायचा. वीस मीटरवर घेतला तर उशीर होतो. आधी वेग निम्म्यावर आणा. मागच्या गाड्यांना हाताने थांबत असल्याची खूण करा आणि मग दोन्ही हात ब्रेकवर. घंटी वाजवायची तर आत्ताच, लांबून, एकदा. झोपलेल्या कुत्र्याजवळ जाऊन अचानक वाजवली तर तो दचकून उठतो, आणि दचकलेला कुत्रा आधी धावतो.

आता पाहा. ती बसूनच राहिली, एखाद्याने नुसती मान वर केली, तर त्याच कमी वेगाने, पेडल न मारता, त्यांच्यापासून शक्य तेवढ्या दुरून निघून जा. त्यासाठी उजवीकडे, समोरून येणाऱ्या वाहनाच्या वाटेत मात्र शिरू नका. वळणावर समोरचं दिसत नसेल तर लांबून जाण्याचा नाद सोडा आणि उतरा.

एक उठला तर बाकीचे दोघे उठतातच. उठलेला ताठ उभा राहून तुमच्याकडे पाहतोय हे दिसलं की वळणाच्या आधीच, जिथे मागच्या गाडीला तुम्ही दिसाल अशा जागी डावीकडे घेऊन उतरा. सायकल रस्त्याच्या बाजूला, तुम्ही कडेच्या बाजूला. कुत्री कडेने, म्हणजे तुमच्याच बाजूने आली तर सायकल आडवी फिरवा आणि पाठ दरडीला किंवा गडग्याला लावा. तिघांतला एकच पुढाकार घेतो, बाकीचे त्याच्या मागून भुंकतात. लक्ष त्या पुढच्यावर ठेवा. तो थांबला की बाकीचे थांबतात.

मागून एखादी रिक्षा किंवा टेम्पो येत असेल तर हात करून थांबवायला संकोच करू नका. गाडीच्या आडोशाने चालत पुढे जाणं हा सगळ्यांत सोपा मार्ग आहे आणि आपल्याकडचे चालक त्यासाठी थांबतात.

६. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं की कुत्रा पळतो. हे बरोबर आहे का?

आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांना ती खूण पक्की ठाऊक असते आणि बऱ्याचदा ते मागे हटतात. पण अंतर दहा-बारा पावलांहून कमी असेल तर वाकू नका, कारण तुमचा चेहरा त्याच्या उंचीवर येतो. आणि खरा दगड मारू नका. लागला तर तो जखमी आणि चिडलेला होतो, नाही लागला तर टोळी खवळते, आणि त्या कुत्र्याचा राग पुढच्या वाटसरूवर निघतो. तो शाळेत जाणारा एखादा मुलगा असू शकतो.

७. काठी, छत्री, पाण्याची बाटली, मिरचीचा फवारा: यातलं काय जवळ ठेवावं?

पावसाळ्यात छत्री असतेच, आणि तीच उत्तम. ती मारायची नसते. कुत्रा लांब असतानाच उघडा आणि खाली धरून मध्ये आडोसा करा. काठीचंही तसंच: टोक जमिनीकडे तिरकं धरा, फिरवू नका. पिशवी, जाकीट, चप्पल, काहीही चालतं. चावायचंच ठरवलं तर त्याला आधी ते मिळू दे. बाटलीतलं पाणी घुटमळणाऱ्या कुत्र्याला मागे लोटतं, पण चालत्या सायकलवरून उडवायला एक हात सोडावा लागतो. आधी थांबा, मग उडवा. मिरचीच्या फवाऱ्याचा मोह किनाऱ्यावर टाळा. समुद्रावरून वारा येत असतो आणि तो फवारा तुमच्याच डोळ्यांत येईल.

८. हातात मासळीची पिशवी असेल तर?

तर कुत्रा तुमच्या मागे नाही, पिशवीच्या मागे आहे. बाजारातून येताना मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, गळकी पिशवी हँडलला लटकवू नका. एवढं करूनही दोन-तीन कुत्री अंगावर आली तर पिशवी लांब टाका आणि उलट दिशेने चाला. सुरमईचा मोह हातापेक्षा मोठा नाही. पिशवी डोक्यावर उंच धरली तर कुत्रे उड्या मारतात आणि दात हाताला लागतात.

बिस्किटं टाकावीत का, असंही विचारतात. एकटा, भुकेला, मवाळ कुत्रा असेल तर चालेल. टोळीत मात्र अन्नावरून तुमच्या पायांतच भांडण पेटतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बंदरावरच्या कुत्र्यांचं रोजचं खाणं तुटतं. त्या दिवसांत जेटीवर खाण्याची वस्तू उघडी नेऊ नका.

९. पहाटे किनाऱ्यावर पूर्ण टोळी येते. वाळूत तर आडोसाही नसतो.

वाळूत पळणं तर मुळीच नाही; आपले पाय रुततात, त्यांचे नाही. थांबणं २ प्रमाणेच, पण टोळीत एखादा मागून येतो, म्हणून पाठीला काहीतरी हवं. ओढून ठेवलेली होडी, सुरूचं जाड खोड, भिंत, जे जवळ असेल तिकडे तिरक्या चालीने सरका. काहीच नसेल आणि दोघं असाल तर पाठीला पाठ लावून उभे राहा. गुडघाभर पाण्यात उतरा असा सल्ला कोणी देतात. ओहोटीच्या ओढीत किंवा अंधारात ते करू नका. उजाडल्यावर जाणं आणि टोळीची झोपायची जागा वळसा घालून टाळणं जास्त उपयोगाचं आहे.

१०. एरवी गरीब असलेली कुत्री एकदम अंगावर धावून आली. का?

आसपास पिल्लं शोधा. भाद्रपदाच्या सुमारास कुत्र्यांचा माज असतो, आणि गाभणकाळ साधारण दोन महिने, सुमारे ६३ दिवसांचा. म्हणून पावसाळा संपल्यापासून थंडीपर्यंत बंद घराच्या पडवीत, मोरीत, गवताच्या उडवीखाली पिल्लं दिसतात. विण्यानंतरचे काही आठवडे आई कोणालाच जवळ येऊ देत नाही. इथे थांबून राहणं हा नियम थोडा बदलतो: पिल्लांच्या जवळ उभे राहू नका, तिच्याकडे तोंड ठेवून आल्या वाटेने सावकाश मागे या. काही आठवडे वाट बदला. भाद्रपदात एका कुत्रीमागे पाच-सहा कुत्रे दिसले तर त्यांच्या मधून कधीही जाऊ नका.

११. बरोबर लहान मूल किंवा आपला पाळीव कुत्रा असेल तर?

मुलाला मागे, पायांना चिकटून उभं करा. फार लहान असेल तर कुत्रा दूर असतानाच, धांदल न करता कडेवर घ्या. जवळ आल्यावर झटक्याने उचललं तर त्याची उडी मुलाच्या पायाकडे जाते. मुलांना घरी दोन गोष्टी खेळासारख्या शिकवा: कुत्रा आला की खांबासारखं उभं राहायचं, आणि पडलोच तर कासवासारखं व्हायचं (१२ पाहा). पाळीव कुत्रा बरोबर असेल तर दोघांच्या मध्ये पडू नका. भांडण जुंपलं तर हाताने सोडवायला जाऊन चावे बसतात. पाणी ओता, छत्री मध्ये घाला.

१२. पडलो किंवा कुत्र्याने पाय पकडलाच तर?

पडलात तर पोटाशी गुडघे घ्या, चेहरा खाली, बोटं मानेमागे गुंफून कोपरांनी कान झाका. हलू नका, ओरडू नका. पाय पकडला असेल तर झटका देऊन ओढू नका; जखम फाटते. हातातलं काहीही त्याच्या तोंडाशी सारा आणि मोठ्याने मदत मागा. गप्प राहायचा नियम इथे संपतो, कारण आता माणसं गोळा होणं गरजेचं आहे.

१३. चावला. पहिल्या तासात काय करायचं?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. अंगाचा साबण, कपड्याचा साबण, कोणताही चालतो. विहिरीवर असाल तर कोणाला तरी पाणी ओतत राहायला सांगा. या धुण्याने जखमेतला रेबीजचा विषाणू मोठ्या प्रमाणात कमी होतो. नंतर पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा. हळद, चुना, मिरची, तेल, कसलाही पाला लावू नका. घट्ट बांधू नका. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि निघा.

त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. दंडातली लस असेल तर साधारणपणे ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, त्वचेतली असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. पहिल्या डोसचा दिवस म्हणजे शून्य. रक्त आलेली जखम असेल तर लसीबरोबर जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. लस शरीरात प्रतिकारशक्ती तयार करायला काही दिवस घेते, तोवरचं संरक्षण याचं असतं. ते छोट्या केंद्रात नसेल तर पहिला डोस तिथेच घ्या आणि ते कुठे मिळेल हे तिथल्याच डॉक्टरांना विचारून लगेच निघा. पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत ते घेता येतं, पण वाट पाहू नका. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही, म्हणून ‘बघू उद्या’ नको.

१४. कुत्रा पिसाळलेला आहे हे कसं ओळखायचं? मग थांबण्याचा नियम चालतो का?

झोकांड्या खात चालणं, जबडा लोंबणं, सतत लाळ, बदललेला घोगरा आवाज, वाटेत येईल त्या काठीला, दगडाला, गुराला चावणं. उलट काही पिसाळलेले कुत्रे सुस्त पडून राहतात, म्हणून आजारी दिसणाऱ्या अनोळखी कुत्र्याला कळवळ्याने हात लावू नका. असा कुत्रा दुरून दिसला तर थांबायचं नाही. मध्ये भिंत, फाटक किंवा गाडी येईल असे आत जा आणि ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीला कळवा.

१५. रोज तोच कुत्रा मागे लागतो. तक्रार करून उपयोग होतो का?

होतो, पण नेमकी केली तर. लेखी द्या: जागा, वेळ, कुत्र्याचा रंग, कोणाला चावला का. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. नंतर कुत्रा सहसा पुन्हा त्याच भागात सोडतात. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पिसाळलेले, तसा संशय असलेले किंवा आक्रमक कुत्रे यातून वगळले आहेत, म्हणून चाव्याचा उल्लेख तक्रारीत महत्त्वाचा. विष घालणं हा गुन्हा आहे. कुत्रा वाडीतल्या कोणाचा असेल, नुसता दिवसा मोकळा सोडलेला, तर आधी त्या घरी जाऊन बोला. मालकाने तुमच्या वेळेला बांधून ठेवला की प्रश्न त्याच दिवशी संपतो.

१६. रक्त नाही, फक्त ओरखडा. किंवा कुत्र्याचा कान कापलेला होता, म्हणजे लस झालेली ना?

रक्त न येता कातडी खरचटली असेल तरी धुवून लस घ्यावी लागते; इम्युनोग्लोब्युलिन सहसा लागत नाही. पॅन्ट फाटली नाही तरी आतली कातडी उजेडात नीट पाहा. धडधाकट कातडीवर नुसती लाळ लागली असेल तर धुणं पुरे. कानाचं टोक कापलेलं असणं ही नसबंदीची खूण आहे. तेव्हा लसही देतात, पण तिचा परिणाम कायम राहत नाही, म्हणून कानावर विसंबू नका. मालक ‘आमच्याला सगळी इंजेक्शनं दिलीत’ म्हणाला तरी कागद पाहा, आणि तोवर पहिला डोस घ्या.

१७. पूर्वी पूर्ण कोर्स झालाय, किंवा कुत्रा दहा दिवसांनंतरही ठणठणीत आहे. मग उरलेले डोस घ्यायचे का?

पूर्ण कोर्स झालेल्याला नवीन चाव्यानंतर सहसा दोनच डोस, ० आणि ३ व्या दिवशी लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. जुना कागद घेऊन जा. दहा दिवसांचा नियम फक्त ज्या कुत्र्यावर रोज लक्ष ठेवता येतं त्यालाच लागू आहे: तो दहाव्या दिवशी निरोगी असेल तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, आणि डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. तोपर्यंतचे डोस मात्र वेळेवर घ्यायचेच. बंदरावरचा कुत्रा तोच होता की त्याच्यासारखा दुसरा, याची खात्री नसेल तर कोर्स पूर्ण करा.